झालेले आणि व्हायचे : ई-मेलमधील क्रियापदांचा काळ



व्यावहारिक मराठीच्या स्वाध्यायांत एक सूचना विद्यार्थी मोठ्या निष्ठेने पाळताना दिसतात : ‘संपूर्ण पत्र एकाच काळात लिहावे.’ ही सूचना कोणी, केव्हा दिली हे कळत नाही. पण ती पाळल्याने जे नुकसान होते, ते मी अनेक वर्षे उत्तरपत्रिकांत पाहत आलो आहे. ज्या पत्रात काही कामे झालेली आहेत, काही चालू आहेत आणि काही ठरावीक तारखेच्या आत व्हायची आहेत, ते पत्र एका काळात लिहिताच येणार नाही. तेथे काळ बदललाच पाहिजे. प्रश्न काळ बदलण्याचा नसून तो कोठे आणि कशाच्या आधारे बदलावा, हा आहे. या लेखात मी त्याच एका प्रश्नाचा विचार करणार आहे आणि त्यासाठी एक प्रत्यक्ष घडलेले उदाहरण घेणार आहे.

आपल्यासारख्याच एक विद्यार्थिनी तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहेत. नोकरी करून त्या पदवीचा अभ्यास करीत होत्या. एका संपर्कसत्रानंतर त्यांनी मला आपल्या भ्रमणध्वनीवर एक ई-मेल दाखविला आणि विचारले, “सर, यात मी खोटे कोठे लिहिले आहे, तेवढे सांगा.” वाचनालयाच्या अध्यक्षांना गुरुवार, दि. ११ जून रोजी पाठविलेला तो मजकूर असा होता :

> मा. अध्यक्ष महोदय, सप्रेम नमस्कार. वार्षिक अहवालाचे काम झालेच आहे. हिशेबाच्या वह्या लेखापरीक्षकांना दिल्या होत्या, त्यांचा अहवाल सोमवारपर्यंत येतो. ग्रंथांची मोजणी करून यादी पाठवत आहोत, तीनशे ग्रंथ राहिले होते ते परवा झालेच समजा. सभासदांच्या यादीवर आपली सही घ्यायची होती. सर्व कागदपत्रे २२ तारखेच्या मुदतीत जिल्ह्याच्या कार्यालयाकडे पाठवत आहोत.

अध्यक्षांनी हा ई-मेल रविवारी, १४ तारखेला रात्री वाचला. काम झालेले आहे, वह्या देऊन परत आलेल्या आहेत, राहिलेले ग्रंथ परवा मोजून झाले, कागदपत्रे रवाना होत आहेत, असा त्यांचा समज झाला. सहीचे म्हणाल, तर ‘घ्यायची होती’ याचा अर्थ त्यांनी असा घेतला की, ती घ्यायची होती, पण आता उपाध्यक्षांच्या सहीने भागले असावे. सोमवारी सकाळी ते मुलीकडे पुण्याला गेले. ते दर बुधवारी वाचनालयात येत असत, म्हणून त्या बुधवारी सही होईल, असे बाईंनी गृहीत धरले होते. अध्यक्ष गावात नाहीत, हे गुरुवारी कळले. ते परतले २३ तारखेला, म्हणजे मुदत उलटल्यावर एका दिवसाने. पुढे विनंती करून कागदपत्रे स्वीकारली गेली. परंतु कार्यकारिणीच्या सभेत ‘काम झाले नसताना झाले असे कळविले’ हे वाक्य बाईंच्या नावासह इतिवृत्तात नोंदले गेले. नऊ वर्षांच्या नोकरीत त्यांच्याविषयीची ती पहिली प्रतिकूल नोंद होती.

बाईंनी खोटे काहीच लिहिले नव्हते. बोलण्यात आपण सगळेच असे बोलतो. दारातून हाक आली की ‘आलोच’ म्हणतो आणि त्या वेळी चपलाही पायात नसतात. ‘उद्या पैसे देतो’ म्हणताना ‘देतो’ हे रूप वर्तमानाचे असते आणि देणे भविष्यातले. ही मराठीची शिथिलता नव्हे, तिची रीतच आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्यात क्रियापदांच्या रूपांना काळाची नावे न देता प्रत्ययावरून नावे दिलेली आपण वाचली असतील : ‘करतो’ हे ताख्यात, ‘केले’ हे लाख्यात, ‘करावे’ हे वाख्यात. परीक्षेसाठी ही नावे पाठ करताना विद्यार्थी कंटाळतात. पण त्यांमागचे कारण पाहिले म्हणजे दामल्यांची नजर किती बारीक होती ते कळते. रूप एक आणि ते ज्या काळासाठी वापरले जाते तो काळ दुसरा, असे मराठीत सर्रास होते. तेव्हा रूपालाच काळाचे नाव दिले, तर पुढे घोटाळा व्हायचाच.

मग बोलताना घोटाळा का होत नाही? कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच क्षणी एकमेकांसमोर असतात. ‘आलोच’ म्हणणारा अजून आलेला नाही, हे ऐकणाऱ्याला दिसत असते. ई-मेलमध्ये हा समान क्षण नसतो. बाईंचा ‘आत्ता’ गुरुवार दुपारचा होता आणि अध्यक्षांचा रविवार रात्रीचा. मधल्या तीन दिवसांत ‘परवा’ या शब्दाने कूस बदलली. गुरुवारी लिहिलेला परवा म्हणजे शनिवार. रविवारी वाचलेला परवा म्हणजे शुक्रवार. आपल्या भाषेत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही, आणि त्याला सावरणारे क्रियापद ‘झालेच’ असे भूतकाळी रूपाचे असेल, तर तो मागेच जाणार.

आता दुरुस्तीकडे वळू. मी बाईंना प्रथम एक कागद घेऊन ई-मेलमधील फक्त क्रियापदे एकाखाली एक लिहावयास सांगितली : झालेच आहे, दिल्या होत्या, येतो, पाठवत आहोत, राहिले होते, झालेच समजा, घ्यायची होती, पाठवत आहोत. कर्ता, कर्म, विशेषणे काही नकोत. मग प्रत्येक क्रियापदाला एकच प्रश्न विचारावयाचा : गुरुवारी दुपारी, ई-मेल पाठविण्याच्या क्षणी, ही गोष्ट होऊन गेली होती काय? उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे द्यावयाचे; ‘जवळजवळ’ हे उत्तर चालणार नाही. ‘जवळजवळ होय’ म्हणावेसे वाटले, तर ते काम दोन तुकड्यांत तोडावे, म्हणजे एका तुकड्याला ‘होय’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर मिळते.

या प्रश्नापुढे पहिलेच वाक्य टिकत नाही. ‘वार्षिक अहवालाचे काम’ हे एक काम नाहीच. त्यात पाच कामे आहेत आणि त्यांतली दोनच तेव्हा पूर्ण झाली होती. असे वाक्य दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये, ते काढून टाकावे. त्याने वाचकाला धीर येतो, पण माहिती मिळत नाही. आणि एकदा धीर आला की पुढची वाक्ये तो सैल नजरेने वाचतो.

‘दिल्या होत्या’ या क्रियापदाचे उत्तर ‘होय’ आहे. वह्या सोमवारी, ८ तारखेला दिलेल्याच होत्या. तरीही रूप चुकले आहे आणि ही चूक सूक्ष्म असल्यामुळे तिच्यापाशी थोडे थांबू. ‘दिल्या’, ‘दिल्या आहेत’ आणि ‘दिल्या होत्या’ या तिन्ही रूपांत देण्याची क्रिया संपलेलीच आहे. फरक आहे तो त्या क्रियेकडे आपण कोठून पाहतो याचा. हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे फार स्वच्छ मांडले आहे. घटनेचा क्षण आणि बोलण्याचा क्षण यांच्याबरोबर आणखी एक क्षण असतो, जेथे उभे राहून आपण घटनेकडे पाहतो. ‘दिल्या आहेत’ म्हणताना आपण आजच्या क्षणी उभे असतो : दिल्या, आणि तीच स्थिती आज आहे. ‘दिल्या होत्या’ म्हणताना आपण भूतकाळातल्या कुठल्या तरी क्षणी उभे राहतो आणि त्यानंतर काही तरी घडले असावे, असे ऐकणाऱ्यास वाटते. ‘मी त्याला पुस्तक दिले होते’ असे ऐकले की आपण पुढच्या वाक्याची वाट पाहतो : त्याने परत केले, हरविले, नाकारले. अध्यक्षांनी वह्या परत आल्या असे समजावे, यात नवल नाही. ज्या पूर्ण झालेल्या कामाचा परिणाम अजून टिकून आहे, त्यासाठी ‘आहे’ हवे, ‘होते’ नको.

येथे इंग्रजी शिकलेले विद्यार्थी अडखळतात. इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळाबरोबर निश्चित तारीख बसत नाही, म्हणून मराठीतही ‘८ जून रोजी दिल्या आहेत’ लिहू नये, असे त्यांना वाटते. मराठीला ही अडचण नाही. ‘मी काल पत्र पाठविले आहे’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. ‘आहे’ आणि तारीख दोन्ही एकत्र द्यावीत; त्यातून काम कधी झाले आणि आज स्थिती काय, ही दोन्ही उत्तरे एका वाक्यात मिळतात.

ई-मेलमध्ये ‘पाठवत आहोत’ हे क्रियापद दोनदा आले आहे आणि माझ्या मते सर्वांत मोठा घोटाळा त्याने केला आहे. एका जागी हे रूप अगदी योग्य असते : ‘सोबत यादी पाठवत आहे’ असे लिहून यादी त्याच ई-मेलला जोडली, तर लिहिणे आणि पाठविणे ही एकच कृती होते आणि वाचणाऱ्याच्या हाती यादी असतेच. शासकीय निर्णयांतील ‘मान्यता देण्यात येत आहे’ हे रूपही याच जातीचे आहे. तो निर्णय सहीनिशी निघाला की मान्यता दिली गेली. त्या वाक्यानेच ती दिली. कार्यालयीन मराठीला हे रूप इतके सवयीचे झाले आहे की, ज्या कृती लिहिण्याने घडत नाहीत त्यांनाही ते लावले जाते. कागदपत्रे जिल्ह्याच्या कार्यालयाकडे जायची तर कोणाला तरी एस.टी.ने जावे लागते. ‘पाठवत आहोत’ लिहिल्याने ती जात नाहीत. वाचणाऱ्याला मात्र ती निघाल्याचा भास होतो. माझा नियम सोपा आहे : वस्तू याच ई-मेलला जोडलेली असेल तरच ‘पाठवत आहे’ म्हणावे. नसेल तर ‘पाठविली आहे’ किंवा ‘पाठवीन’. तिसरे रूप वापरू नये.

‘मोजणी करून यादी पाठवत आहोत’ यातील ‘करून’ हा आणखी एक फसवा शब्द. ‘-ऊन’ प्रत्ययाच्या धातुसाधिताला स्वतःचा काळ नसतो. मुख्य क्रियापदाच्या आधी ती क्रिया होते, एवढेच ते सांगते. काळ ते मुख्य क्रियापदाकडून उसना घेते. ‘मोजणी करून यादी दिली’ म्हटले तर मोजणी झालेली. ‘मोजणी करून यादी देईन’ म्हटले तर मोजणीही व्हायची. मुख्य क्रियापदच संदिग्ध असेल, तर मोजणी झाली की नाही हे सांगणारे वाक्यात कोणीच उरत नाही. जेथे एक काम झालेले आणि दुसरे व्हायचे असेल, तेथे ‘-ऊन’ने जोडू नये. दोन वाक्ये करावीत आणि प्रत्येकाला त्याचे क्रियापद द्यावे.

राहिले ‘सही घ्यायची होती’. बाईंना हे वाक्य बदलण्यास मी सांगितले, तेव्हा त्या जरा संकोचल्या. “अध्यक्षांना ‘सही करा’ असे कसे लिहायचे?” त्यांचा संकोच खरा होता आणि मराठीला धरूनच होता. आपण ‘एक विचारायचे होते’, ‘जरा काम होते’ असे म्हणतो, तेव्हा होत्याने विनंतीची धार बोथट करतो. समोरासमोर हे शोभते, कारण आपण तेथून हलत नाही. आपल्या उभे राहण्यानेच काम प्रलंबित असल्याचे कळते. लेखनात उभे राहणारे कोणी नसते. तेथे ‘घ्यायची होती’चा दुसरा अर्थ, म्हणजे घ्यायची होती पण राहून गेली किंवा आता गरज उरली नाही, हाच पुढे येतो. आदर दाखवायचा तर तो भूतकाळाच्या आडून दाखवू नये. मराठीत त्यासाठी वाख्यात आहे. ‘सही १७ तारखेपर्यंत मिळावी, ही विनंती’ यात नम्रता पुरेपूर आहे आणि काम अजून व्हायचे आहे याविषयी शंका नाही.

व्हायच्या कामांतही सर्वांना एकच भविष्यकाळ लावून चालत नाही. ‘अहवाल सोमवारपर्यंत येतो’ याचे ‘येईल’ केले की दुरुस्ती झाली, असे अनेकांना वाटते. पण अहवाल देणे लेखापरीक्षकांच्या हाती आहे, बाईंच्या नाही. ‘मी मोजणी पूर्ण करीन’ हे वचन आहे. ‘अहवाल येईल’ हा अंदाज आहे. दोन्ही वाक्यांत रूप भविष्यकाळाचेच असल्याने वाचणारा दोन्ही वचने समजतो आणि अंदाज चुकला तर वचन मोडल्याचा दोष लिहिणाऱ्यावर येतो. म्हणून दुसऱ्याच्या हातातील कामासाठी ते कोणी सांगितले याचा उल्लेख करावा.

एवढे करून बाईंनी त्याच दिवसाचा, त्याच परिस्थितीचा ई-मेल पुन्हा लिहिला. तारखांबाबत मी एवढेच सुचविले होते की आज, उद्या, परवा हे शब्द टाळावेत आणि वार व दिनांक दोन्ही द्यावेत. दिनांक चुकला तर वार सावध करतो. ‘पर्यंत’ म्हणजे तो दिवस धरून की त्याच्या आधी, ही शंकाही वेळ लिहिल्याने मिटते. नवा मजकूर असा :

> गुरुवार, दि. ११ जून
>
> मा. अध्यक्ष महोदय, सप्रेम नमस्कार.
>
> सभासदांच्या यादीवर आपली सही हवी आहे. ती बुधवार, दि. १७ जून रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत मिळावी, ही विनंती. त्या दिवशी आपण गावात नसाल, तर कृपया कळवावे. मी यादी घेऊन आधी आपल्या घरी येईन.
>
> झालेले काम : सभासदांची यादी तयार झाली आहे. हिशेबाच्या वह्या सोमवार, दि. ८ जून रोजी लेखापरीक्षकांना दिल्या आहेत. त्या अजून त्यांच्याकडेच आहेत. ८,४०० ग्रंथांपैकी ८,१०० ग्रंथांची मोजणी झाली आहे.
>
> राहिलेले काम : उरलेल्या ३०० ग्रंथांची मोजणी मी शनिवार, दि. १३ जून रोजी पूर्ण करीन. लेखापरीक्षण अहवाल सोमवार, दि. १५ जून रोजी देऊ, असे लेखापरीक्षकांनी सांगितले आहे. सर्व कागदपत्रे शुक्रवार, दि. १९ जून रोजी मी स्वतः जिल्ह्याच्या कार्यालयात जमा करीन. मुदत सोमवार, दि. २२ जून रोजी संपते.

यात एकूण तीन काळ आहेत, शिवाय विनंतीचे वाख्यात आहे. ‘एकाच काळात लिहा’ म्हणणारा परीक्षक याला कदाचित गुण कापील. तरीही यातले प्रत्येक रूप आपापल्या जागी आहे. शेवटच्या वाक्यातील ‘संपते’ हे ताख्यात मुद्दाम तसेच ठेवले आहे. मुदत भविष्यात संपणार असली, तरी ती ठरलेली आहे, कोणाच्या करण्या-न करण्यावर अवलंबून नाही. वेळापत्रकातील ‘गाडी सहा वाजता सुटते’ यासारखे हे वाक्य आहे. तेव्हा भविष्यासाठी वर्तमानाचे रूप दिसले की लाल रेघ ओढावी, असे नव्हे. ती गोष्ट ठरलेली आहे की कोणी करावयाची आहे, हे पाहावे. ‘संपते’ चालते, ‘अहवाल येतो’ चालत नाही. कामाला लावणारे वाक्य, म्हणजे सहीचे, आरंभी आणले आहे, ही मात्र बाईंची स्वतःची सूझ. भ्रमणध्वनीवर ई-मेलच्या पहिल्या दोन ओळी आधी दिसतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. असा ई-मेल त्या क्षणापुरता खरा असतो. समजा, १५ तारखेला लेखापरीक्षण अहवाल आला नाही, तर गुरुवारचा मजकूर शिळा झाला आणि दुसरा पाठविणे भाग आहे. त्यात ज्या ‘होता’ला आपण पहिल्या मजकुरातून हद्दपार केले, तोच आता नेमका उपयोगी पडतो, कारण अपेक्षा खरोखरच मागे पडलेली आहे. नकार लिहिताना मात्र सावध असावे. ‘अहवाल येत नाही’ म्हटले तर तो येणारच नाही, असे वाटते. ‘अहवाल आला नाही’ म्हटले तर विषय संपल्यासारखा होतो. ‘आलेला नाही’ या रूपात आजची स्थिती सांगितली जाते आणि तो येण्याची वाट मोकळी राहते. बाईंना मी तो दुसरा ई-मेलही सरावासाठी लिहावयास दिला. त्यांनी चार वाक्ये लिहिली आणि त्यांत मला काही बदलावे लागले नाही :

> लेखापरीक्षण अहवाल आज, सोमवार, दि. १५ जून रोजी मिळणे अपेक्षित होते. सायंकाळी ६ वाजेपर्यंत तो आलेला नाही. मी लेखापरीक्षकांना दूरध्वनी केला असून तो बुधवार, दि. १७ जून रोजी दुपारी देऊ, असे त्यांनी सांगितले आहे. कागदपत्रे शुक्रवार, दि. १९ जून रोजी जमा करण्यात यामुळे बदल होत नाही.